आग्नेयेची फरशी : एका पहिल्या वास्तुशांतीचे प्रकरण

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात, फाल्गुन शुद्ध पंचमीला सोमवारी झालेल्या वास्तुशांतीचे आहे. आमच्याकडे तिला घरभरणी म्हणतात. यजमान कुणबी शेतकरी असून त्यांच्याकडे सात एकर कोरडवाहू शेती आहे. जुने कवेलूचे घर पाडून त्याच जागेवर त्यांनी स्लॅबचे नवे घर बांधले होते. पौरोहित्य करणारा मुलगा एकोणीस वर्षांचा होता. सहा वर्षे तो वडिलांच्या मागे पिशवी घेऊन हिंडलेला आणि निम्म्याहून अधिक प्रयोग तोंडपाठ असलेला असला, तरी संपूर्ण कार्य त्याने एकट्याने कधीही केलेले नव्हते. कार्याच्या दोन दिवस आधी वडील मोटरसायकलवरून घसरले आणि त्यांच्या घोट्याला प्लास्टर बसले. मुहूर्त पुढे ढकलावा तर पाहुण्यांना निमंत्रणे गेलेली होती, आणि दुसरा याज्ञिक शोधावा तर त्या सोमवारी आसपासचे सगळे कार्यात गुंतलेले होते; मीही त्यांतलाच एक होतो. म्हणून मुलगा गेला. पुढील हकीकत मुलगा, त्याचे वडील आणि यजमान अशा तिघांकडून मी वेगवेगळी ऐकली आहे, आणि मुलाने आदल्या रात्री तयार केलेला कागदही पाहिला आहे.

कुटुंब घाबरलेले का होते, हे आधी सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सारे त्यावरच अवलंबून आहे. भिंती उभ्या राहत असताना, पोळ्याच्या आठ दिवस आधी, यजमानांच्या जोडीतला एक बैल पोटफुगीने गेला. ओला चारा जास्त खाल्ला की असे होते, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. मात्र दिवाळीनंतर यजमानांच्या आई नव्या घराच्या अर्धवट पायरीवरून पडल्या आणि त्यांचे मांडीचे हाड मोडले, तेव्हा शेजारच्या बायांनी दोन्ही गोष्टी एकत्र जोडल्या आणि ‘जागा बरी नाही’ असे शब्द वापरले. त्यानंतर घर पूर्ण होऊनही तीन महिने कोणी तेथे राहायला गेले नाही. त्यामुळे या घरभरणीकडे कुटुंब जेवणावळीचा समारंभ म्हणून पाहत नव्हते, तर एका प्रश्नाचे उत्तर म्हणून पाहत होते. आणि ते उत्तर देण्यासाठी मोठे महाराज येणार होते, त्यांच्याऐवजी मिशी नुकतीच फुटलेला मुलगा आला.

मुलाच्या कागदावर विधींची नावे आणि त्यांपुढे घड्याळातल्या वेळा होत्या. पंचांगात पंचमी दुपारी १२ वाजून २० मिनिटांपर्यंत होती आणि त्यानंतर षष्ठी लागत होती. त्या वेळेपासून मागे मोजत त्याने होमारंभासाठी सव्वाअकरा ही वेळ धरली आणि त्याआधीची सगळी कर्मे सव्वातीन तासांत बसवली. ही पद्धत मला योग्य वाटते. नवखा याज्ञिक बहुधा पहिल्या पानापासून सुरुवात करतो, गणपतिपूजनाला पाऊण तास लावतो आणि मग होमाच्या वेळी पाने उलटत सुटतो. या कागदात एक उणीव होती. ती कोणती, हे पुढे येईल.

सकाळी सात वाजता तो घरी पोहोचला आणि मांडणीआधी घरात फिरला. स्वयंपाकघर आग्नेयेला होते, तेथे ग्रॅनाइटचा ओटा बसलेला होता आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत दोन फुटी टाइल्स लावलेल्या होत्या. खड्डा कोठेही नव्हता. वास्तुशांतीच्या शेवटी वास्तुपुरुषाची प्रतिमा पेटीत घालून घराच्या आग्नेय कोपऱ्यात पुरावी लागते. त्यासाठी गुडघाभर, निदान हातभर खोल खड्डा लागतो, आणि फरशी बसवताना तेवढी जागा मोकळी सोडायची असते. आदल्या दिवशी त्याने फोनवर विचारलेही होते, ‘काका, खड्डा ठेवला ना?’ यजमान म्हणाले होते, ‘हो महाराज, ठेवला.’ त्यांनी अंगणात, तुळशीशेजारी, होमासाठी खड्डा खणून ठेवला होता.

आजकाल ही अडचण दर चार घरांत एका घरी तरी येते, असे माझे स्वतःचे निरीक्षण आहे. मिस्त्री फरशी पुरी करून मजुरी घेऊन जातो, आणि भटजीला बोलावणे येते ते रंग वाळल्यावर. मग तीन वाटा उरतात. पेटी देवघरात ठेवून द्यावी. कित्येक जण हेच करतात, पण मग निक्षेप, म्हणजे पेटी जमिनीत पुरण्याचा विधी, झाला असे म्हणता येत नाही. कंपाउंडच्या आग्नेय कोपऱ्यात, घराबाहेर पुरावी. जागा लहान असेल तर काही याज्ञिक हे चालवून घेतात. किंवा फरशी काढावी. मुलाने वडिलांना फोन लावला, पण स्लॅबखाली रेंज नव्हती, म्हणून तो अंगणात जाऊन बोलला. वडिलांनी तिन्ही वाटा सांगितल्या आणि निर्णय त्याच्यावर सोपवला. त्यांनी निर्णय का दिला नाही, असे मी नंतर त्यांना विचारले. ते म्हणाले, ‘मी सांगितलं असतं तर तो दिवसभर मलाच फोन करत बसला असता.’

मुलाने फरशी काढायचे ठरवले. कारण हे घर शंकेने भरलेले होते. पेटी बाहेर पुरली किंवा देवघरात ठेवली असती, तर पुढे घरात कोणालाही साधा ताप आला तरी ‘त्या दिवशी ते राहूनच गेलं’ असे म्हणायला जागा उरली असती. हे त्याने मला जवळजवळ याच शब्दांत सांगितले. हा निर्णय शास्त्राच्या दृष्टीनेही बरोबरच होता. परंतु तो घेताना त्याने शास्त्राच्या बरोबरीने त्या घराचाही विचार केला, याची नोंद मला मुद्दाम करावीशी वाटते.

त्याने हे यजमानांना सांगितले, तेव्हा वॉकर धरून दारात उभ्या असलेल्या आजींनी ऐकले. त्या म्हणाल्या, ‘घर भराच्या दिवशी घर फोडाचं काय बापू?’ यजमानांचा चेहरा उतरला आणि मिस्त्रीला आत्ताच बोलावून हे संपवून टाकू, अशी घाई ते करू लागले. घाबरलेला माणूस भीतीची वस्तू आधी डोळ्यांसमोरून हलवू पाहतो. परंतु फरशी आधी काढली असती तर कटरची धूळ, आवाज आणि कोबा फोडण्याची वेळ यांत दीड तास गेला असता आणि होम पंचमीच्या बाहेर गेला असता. मुलाने मिस्त्रीला साडेबारानंतर यायला सांगितले. आजींना त्याने एवढेच सांगितले की, ‘आजी, इथं खड्डा करायचाच असतो, शास्त्रातच आहे. तुमच्याकडे फरशी आधी बसली अन् खड्डा राहिला, एवढंच.’ मग त्याने ओट्याखालच्या त्या फरशीवर पाण्याचा हात फिरवला, गंध, अक्षता व फूल वाहिले, आणि भूमीची प्रार्थना आजींकडून म्हणवून घेतली.

येथे थोडे विषयांतर करतो. प्रयोगाच्या पोथीत खड्ड्याची पूजा होमानंतर, निक्षेपाच्या वेळी येते. मुलाने तिचा एक भाग सकाळीच केला. क्रम बदलला, असा आक्षेप घेता येईल. मीमांसाशास्त्रात याचे उदाहरण प्रसिद्ध आहे: वचनात अग्निहोत्राचा होम आधी सांगितला आहे आणि यवागू नावाची पेज शिजवणे नंतर, पण होम त्या यवागूनेच करायचा असल्यामुळे ती आधी शिजवावी लागते. पाठातल्या क्रमापेक्षा प्रयोजनातून येणारा क्रम बलवान ठरतो, तो असा. जमीन फोडण्याआधी तिची क्षमा मागायची, हे प्रयोजन असेल तर पूजा फोडण्याआधीच हवी. आणि निक्षेपाच्या वेळची पूजा त्याने नंतर पुन्हा केलीच. मुलाला हे उदाहरण माहीत नव्हते. मी सांगितल्यावर तो वहीत लिहू लागला.

आठ वाजून दहा मिनिटांनी संकल्प झाला. गणपतिपूजन व्यवस्थित पार पडले. पुण्याहवाचनाला मात्र गाडी अडली. या विधीत यजमान ब्राह्मणांना विनंती करतो, ‘पुण्याहं भवन्तो ब्रुवन्तु’, आणि ब्राह्मण उत्तर देतात, ‘ॐ पुण्याहम्’. दोन-चार याज्ञिक असतील तर एक जण यजमानाच्या तोंडी विनंती घालतो आणि बाकीचे उत्तर देतात, त्यामुळे कोणाचे वाक्य कोणते, हे आपोआप कळते. एकटा याज्ञिक दोन्ही बाजू स्वतःच बोलतो. यजमान इतके धास्तावलेले होते की महाराजांच्या तोंडून जे निघेल ते हात जोडून जसेच्या तसे म्हणत होते. त्यांनी विनंती केली आणि स्वतःच स्वतःला उत्तरही देऊन टाकले. मुलगा हळूच म्हणाला, ‘काका, हे म्हणायचं नाही.’ यजमान गंभीरपणे म्हणाले, ‘काका, हे म्हणायचं नाही.’

मागे बसलेल्या पोरी हसल्या, यजमानीणबाई पदराखाली हसल्या आणि यजमान घामाघूम झाले. मुलाने हसण्याला वेळ दिला, पाणी मागवले, आणि मग एक खूण ठरवून घेतली: त्याचा उजवा तळवा त्यांच्याकडे उघडा झाला की म्हणायचे, हात पोथीवर टेकलेला असला की ऐकायचे. ‘पाणी सोडा’, ‘अक्षता घ्या’ ही वाक्येही तो हात पोथीवर ठेवूनच सांगू लागला. पुढे शेवटपर्यंत चूक झाली नाही. ही साधी युक्ती मी गेली कित्येक वर्षे वापरत नव्हतो, आता वापरतो. यजमान घाबरलेला असला की अर्थ त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही, फक्त आवाज पोहोचतो, आणि अशा वेळी ‘आता म्हणू नका’ हेही एक म्हणण्याचे वाक्यच वाटते.

मातृकापूजन, नांदीश्राद्ध आणि आचार्यवरण पावणेदहापर्यंत आटोपले. त्यानंतर मांडणी. चौरंगावर नऊ गुणिले नऊ अशी एक्क्याऐंशी पदांची आखणी त्याने आदल्या रात्रीच वस्त्रावर करून आणली होती. मधल्या नऊ पदांत ब्रह्मा, कडेने ईशान्येच्या शिखीपासून सुरू होणाऱ्या बत्तीस देवता, आणि एकूण पंचेचाळीस, अशी ती रचना असते. सुपाऱ्या मांडताना त्याचा हात थरथरत होता, असे यजमानीणबाईंनी मला सांगितले; त्यांना ते पाहून उलट बरे वाटले, कारण ‘आमच्यापेक्षा कोनी तरी जास्त भ्याला होता’.

समिधांचे पुडे सोडले, तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. नवग्रहांसाठी नऊ वेगवेगळ्या समिधा लागतात: रुई, पळस, खैर, आघाडा, पिंपळ, उंबर, शमी, दूर्वा आणि दर्भ. यजमानांच्या सालदाराने त्या रानातून आणल्या होत्या. मंगळासाठी खैर हवा होता, आणि त्या पुड्यातल्या काड्यांवर लांब, सरळ, पांढुरके काटे होते. खैराचे काटे आखूड आणि मांजराच्या नखासारखे वाकलेले, जोडीने असतात. लांब सरळ काटे बाभळीचे. पाने झडलेल्या काड्या पाहून फरक करायचा तो काट्यावरूनच. फाल्गुनात पळस गावाभोवती पेटल्यासारखा फुललेला असतो, त्यामुळे पळसाच्या काड्या भरपूर आल्या होत्या; विशिष्ट समिधा न मिळाल्यास पळसाची चालते, या प्रथेनुसार त्याने खैराच्या जागी पळस घेतला आणि बाभळीचा पुडा कोणाला न सांगता पिशवीत टाकला. ही गोष्ट मोठ्याने न सांगण्याचा विवेक त्याने येथे दाखवला. तोच विवेक त्याने पुढे एका ठिकाणी दाखवला नाही, आणि तेही माझ्या मते बरोबरच होते.

खरा प्रसंग साडेदहाला आला. नागपूरहून आलेल्या जावयांनी मोबाइलवर अग्निवास, म्हणजे होमाच्या वेळी अग्नी कोठे असतो ते, पाहिला आणि चार माणसांत वाचून दाखवला: अग्नी स्वर्गात, होम केल्यास प्राणनाश. आजी म्हणाल्या, ‘मी म्हनलंच होतं.’ यजमान पाटावरून उठून उभे राहिले. एकदा पाटावर बसलेल्या यजमानाने असे उठणे म्हणजे कार्य मोडण्याच्या बेतात आले, हे त्या मुलाला कळत होते.

अग्निवासाचे गणित सोपे आहे. शुक्ल प्रतिपदेपासून मोजलेली तिथी, रविवारपासून मोजलेला वार आणि एक, यांची बेरीज करून चाराने भागायचे. बाकी तीन किंवा शून्य राहिली तर अग्नी पृथ्वीवर आहे आणि होम सुखकारक. बाकी एक राहिली तर अग्नी स्वर्गात, आणि त्याचे फळ प्राणनाश असे सांगितले आहे; दोन राहिली तर पाताळात, आणि फळ अर्थनाश. म्हणजे जावयांच्या मोबाइलने मनचे काही सांगितले नव्हते, वचनातलेच सांगितले होते. या ठिकाणी ‘मोबाइलवर काही विश्वास ठेवू नका’ असे म्हणून मोकळे होण्याचा मोह अनुभवी माणसालाही होतो. तसे म्हटले असते तर ते दोन अर्थांनी चुकले असते: एक तर मोबाइल चुकलेला नव्हता, आणि दुसरे म्हणजे घरच्या जावयाला चारचौघांत खोटे पाडले गेले असते.

मुलाने विचारले, ‘जावईबुवा, तुम्ही किती वाजताचं पाहिलं?’

‘एकचं. जेवण एकला ठेवलं ना, म्हणून.’

‘मग तुमचं बरोबर आहे. एक वाजता षष्ठी आहे. सहा, सोमवारचे दोन आणि एक मिळून नऊ, बाकी एक. आपण सव्वाअकराला होम सुरू करतो आहोत, तेव्हा पंचमी आहे. पाच, दोन आणि एक मिळून आठ, बाकी शून्य. तुम्हीच पाहा बरं सव्वाअकराचं.’

जावयांनी वेळ बदलून पाहिले आणि मोठ्याने सांगितले की अग्नी पृथ्वीवर आहे. आकडे मुलाने संकल्पाच्या कागदामागे लिहून यजमानांच्या हातात दिले होते. यजमान हिशेबी माणूस. कापसाच्या काट्यावरची पावती तपासावी तशी त्यांनी बेरीज दोनदा तपासली आणि पाटावर बसले. त्यानंतर जावयांनी घड्याळाकडे लक्ष ठेवायचे काम स्वतःहून घेतले, आणि ते अखेरपर्यंत इमानाने केले.

या सगळ्यात वीस मिनिटे गेली होती. येथे मुलाने आहुतींची संख्या कमी केली. त्याच्या कागदावर प्रत्येक ग्रहाला अठ्ठावीस आहुती होत्या. समिधा, चरू आणि तूप अशी तीन द्रव्ये धरली तर नऊ ग्रहांच्या सातशे छप्पन होतात. नवख्या यजमानाला प्रत्येक ‘स्वाहा’ला सुमारे चार सेकंद लागतात असे धरले तरी हे पन्नास मिनिटांचे काम होते. त्याने प्रत्येकी आठ धरल्या. एकूण दोनशे सोळा, म्हणजे सुमारे पंधरा मिनिटे. एकशे आठ, अठ्ठावीस किंवा आठ, हे तिन्ही पर्याय मान्य आहेत. महत्त्वाचे हे की ही कपात त्याने होमाच्या संकल्पाआधी केली. अठ्ठावीस म्हणून संकल्प करून वाटेत आठांवर येणे हा दोष आहे, आणि वेळ संपत आल्यावर घाईने गाळागाळ करणारे याज्ञिक नेमके तेच करतात. वास्तोष्पतीच्या एकशे आठ आहुतींना मात्र त्याने हात लावला नाही, कारण कार्य मुळात त्याच देवतेचे होते.

होमकुंड अंगणातच होते, यजमानांनी खणलेल्या त्या खड्ड्यात. त्यामुळे टाइल्सवर कुंड मांडून उष्णतेने फरशी फुगण्याचा आणि स्लॅबखाली धूर कोंडण्याचा, असे दोन नेहमीचे त्रास वाचले. गैरसमजाचा एवढा फायदा झाला. आमच्याकडे याज्ञिक बहुतेक शुक्ल यजुर्वेदी माध्यंदिन शाखेचे, त्यामुळे अग्निस्थापनेनंतर कुशकंडिका येते, आणि तेथे नवख्याची परीक्षा असते: दर्भांचे परिस्तरण, प्रणीता व प्रोक्षणी पात्रांच्या जागा, पवित्रके, तुपाचा संस्कार. मुलगा एकदा अडखळला, थांबला, पोथी उघडून वाचली आणि पुढे गेला. पोथी उघडताना तो संकोचला नाही, हे मला आवडले.

वास्तोष्पतीच्या आहुती सुरू करण्याआधी त्याने एक गोष्ट केली, जी वडिलांनी त्याला कधीच शिकवली नव्हती. मंत्राचा शेवट ‘शं नो भव द्विपदे शं चतुष्पदे’ असा आहे. त्याने स्रुवा बाजूला ठेवली आणि अर्थ सांगितला: आमच्या दोन पायांच्या माणसांना सुख दे आणि चार पायांच्या जनावरांना सुख दे. एवढे सांगून तो थांबला. मेलेल्या बैलाचा उल्लेख त्याने केला नाही. यजमान उठले नाहीत, बोलले नाहीत. पण पहिल्या काही आहुतींनंतर ‘चतुष्पदे’ हा शब्द आला की ते महाराजांच्या हाताची वाट न पाहता तो स्वतः म्हणू लागले, आणि मुलाने त्यांना थांबवले नाही. गोठ्यात तेव्हा एकटा उरलेला बैल बांधलेला होता.

प्रधान आहुती बारा वाजून पाच मिनिटांनी संपल्या. बलिदान आणि पूर्णाहुती षष्ठीत झाली, याबद्दल जावयांनी शंका काढली. आमच्याकडे होमारंभाची वेळ पाहतात, असे मुलाने सांगितले, आणि तसाच प्रघात आहे.

मिस्त्री पाऊण वाजता आला. त्याने कटरने चारी सांधे कापले आणि छिन्नीने फरशी अख्खी उचलण्याचा प्रयत्न केला. ती तिरपी तडकली. आवाज सगळ्यांनी ऐकला. मुलाने कोणाकडे न पाहता खाली वाकून सकाळचे वाहिलेले फूल दोन तुकड्यांच्या मधून उचलले, आजींच्या हातात दिले आणि मिस्त्रीला कोबा फोडायला सांगितले. त्या वेळी काय बोलावे हे सुचले नाही, असे तो म्हणतो. कोब्याखाली मुरूम लागला, हातभर खोल गेल्यावर खड्डा शेणाने सारवला, पाणी, गंध, अक्षता झाल्या. पेटीत सप्तधान्य, पंचरत्न, शेवाळ आणि दहीभात घालून प्रतिमा पालथी ठेवली. झाकण लावण्यापूर्वी त्याने प्रतिमेच्या डोक्याच्या बाजूला पेटीवर बाहेरून कुंकवाचे बोट ओढले, जेणेकरून मिस्त्रीच्या हातून पेटी फिरली तरी डोके ईशान्येलाच राहील. आणि पेटी खरोखरच एकदा फिरली.

सव्वादोन वाजता, पंगत बसत असताना, धाकट्या सुनेने ताटात तशीच पडलेली सुताची गुंडी पाहून विचारले, ‘महाराज, याचं काई करा लागत नाई काय?’ घराभोवती सूत्रवेष्टन आणि दूध-पाण्याची धार राहिली होती. कागदातली उणीव ती हीच: त्याने वेळा लिहिल्या त्या एका जागी बसून करायच्या कर्मांच्या, घराबाहेर फिरून करायच्या या एका कर्माला कागदावर ओळच नव्हती. ‘ते नंतर करायचं असतं’ असे म्हणून वेळ निभावून नेता आली असती. मुलगा म्हणाला, ‘राहिलं. माझं चुकलं. अग्नीचं विसर्जन अजून केलेलं नाही, आत्ता करू.’ बाभळीचा पुडा लपवणे आणि ही चूक कबूल करणे यांत विसंगती नाही. समिधेचा दोष त्याने शास्त्राप्रमाणे आधीच दूर केला होता, त्यामुळे सांगण्यासारखे काही उरले नव्हते; सूत मात्र राहिले होते आणि ते घरातल्या माणसाच्या नजरेला पडले होते. भ्यालेली माणसे ताटात काय उरले हे मोजत असतात. त्या वेळी सारवासारव केली असती, तर दिवसभराच्या बाकी सगळ्या कर्मांवर संशय आला असता.

पंगत वीस मिनिटे थांबली. यजमान सूत धरून पुढे, यजमानीणबाई धार धरून मागे, आणि रक्षोघ्न मंत्र म्हणत मुलगा, अशी घराला प्रदक्षिणा झाली. मग प्रायश्चित्ताची आहुती, ‘यस्य स्मृत्या च’ हा श्लोक आणि विसर्जन. मी असतो तर सकाळी मांडणीच्या वेळीच प्रत्येक वस्तू ती ज्या कर्माला लागते त्या क्रमाने ताटात लावून घेतली असती. ताट रिकामे होत जाते आणि काही राहिले तर आपोआप दिसते. हे मी त्याला सांगितले.

संध्याकाळी तो घरी पोहोचला, तेव्हा वडिलांनी दक्षिणा किती मिळाली, हे विचारले नाही. डोके कोणत्या दिशेला ठेवले, एवढेच विचारले. त्याने कुंकवाच्या खुणेचे सांगितले.

रामनवमीनंतर मी त्या गावी दुसऱ्या कार्याला गेलो असताना यजमानांकडे चहाला थांबलो. कुटुंब आता नव्या घरात राहते. ओट्याखालची फरशी दोन तुकड्यांतच परत बसवली आहे आणि मधल्या भेगेत पांढरे सिमेंट भरलेले दिसते. मिस्त्रीने त्याच रंगाची एक अख्खी फरशी आणून दिली होती, पण आजींनी ती बसवू दिली नाही. ती त्यांनी पाण्याच्या माठाखाली ठेवली आहे.